‘जाहिरात’ असे लिहिल्यावर काय उरते?

मराठी साहित्याच्या अध्यापकांकडे जाहिरात-नीतीचा पेपर का यावा, असे अनेकांनी आम्हांला विचारले. उत्तर साधे होते. पत्रकारिता पदविकेच्या वर्गाला तो शिकवायला दुसरे कोणी उपलब्ध नव्हते, आणि उपयोजित मराठीतले ‘जाहिरातलेखन’ आम्ही दोघी बरीच वर्षे शिकवीत होतो. ज्यांनी जाहिरात लिहायला शिकवली त्यांनीच तिची नीतीही शिकवावी, असा काहीसा न्याय त्यात असावा. त्या पेपरातला एक घटक मात्र आम्हांला आमच्या मूळ विषयाच्या फार जवळचा वाटला. समाजमाध्यमांवरची प्रभावक मंडळी (इन्फ्लुएन्सर हा शब्द आता मराठीच झाला आहे) एखाद्या वस्तूची शिफारस करतात, तेव्हा त्यामागचा मोबदला त्यांनी उघड करावा का, कसा करावा, आणि तो उघड केल्याने पाहणाऱ्यांच्या विश्वासाचे काय होते, असा तो घटक. बोलणारा कोण, तो कोणाच्या वतीने बोलतो आहे आणि ऐकणाऱ्याला ते कळते आहे का, हे प्रश्न आम्ही निवेदकाच्या संदर्भात एम.ए.च्या वर्गात दरवर्षी विचारत आलो आहोत.

वर्गात ह्या घटकाबद्दल दोन ठाम मते असतात. ‘सांगितले की विश्वास जातो’ हे पहिले, आणि ‘सांगितले की विश्वास वाढतो’ हे दुसरे. पहिले मत बहुतेक विद्यार्थ्यांचे असते. दुसरे बहुतेक पाठ्यपुस्तकांचे. ह्या दोहोंतले एकही आम्हांला पुरेसे वाटत नाही. ते का, हे मांडण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

प्रथम नियम काय सांगतो ते पाहू. भारतातील जाहिरात व्यवसायाची स्वनियामक संस्था असलेल्या ‘ॲस्की’ने (अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया) 2021 मध्ये प्रभावकांसाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांत पहिली गोष्ट ही, की मोबदला म्हणजे केवळ रोख रक्कम नव्हे. फुकट मिळालेली वस्तू, सवलत, सहल, हॉटेलातला मुक्काम, नोकरीचे वा कौटुंबिक नाते, ह्यांतले काहीही असले तरी तो ‘लक्षणीय संबंध’ ठरतो आणि तो सांगावा लागतो. दुसरी गोष्ट जागेची. खूण मजकुराच्या आरंभीच हवी. ‘आणखी वाचा’वर बोट ठेवल्याशिवाय दिसणार नाही किंवा हॅशटॅगांच्या गर्दीत हरवून जाईल अशी नको. तिसरी वेळेची. चित्रफीत पंधरा सेकंदांहून लहान असेल तर खूण किमान तीन सेकंद दिसली पाहिजे, पंधरा सेकंद ते दोन मिनिटे असेल तर एकूण लांबीच्या एक-तृतीयांश वेळ, आणि त्याहून मोठी असेल तर वस्तूविषयी बोलणे चालू असेल तो सगळा वेळ. चौथी भाषेची. खूण इंग्रजीत किंवा त्या जाहिरातीच्या भाषेत, सामान्य ग्राहकाला समजेल अशी असावी. पुढे केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानेही जानेवारी 2023 मध्ये अशाच सूचना काढल्या. त्यांच्यामागे 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याचे बळ आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल त्या कायद्यान्वये दहा लाखांपर्यंत, आणि पुन्हा तसेच केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

नियम इतका तपशीलवार असताना अडचण कुठे राहते? ती पाहण्यासाठी आम्ही वर्गात एक परदेशी उदाहरण घेतो, कारण त्यात खूण होती आणि तरीही काहीतरी बिघडले.

13 जून 2021 रोजी किम कार्दाशियन ह्या अमेरिकन तारकेने इन्स्टाग्रामवर ‘इथेरियममॅक्स’ ह्या कूटचलनाविषयी एक मजकूर टाकला. तिचे तेव्हा वीस कोटींहून अधिक अनुयायी होते. मजकुराची सुरुवात प्रश्नाने होती : तुम्हांला क्रिप्टोत रस आहे का? मग खुलासा : हा आर्थिक सल्ला नाही, माझ्या मित्रांनी आत्ताच मला जे सांगितले तेच तुम्हांला सांगते आहे. पुढे त्या चलनाबद्दलची ‘बातमी’ आणि कंपनीच्या संकेतस्थळाचा दुवा. अगदी तळाशी, हॅशटॅगांच्या रांगेत, `#ad`. ह्या एका मजकुरासाठी तिला अडीच लाख डॉलर मिळाले होते. ऑक्टोबर 2022 मध्ये अमेरिकेच्या प्रतिभूती आयोगाने (एसईसी) हे प्रकरण मिटवले. आरोप मान्य वा अमान्य न करता तिने एकूण 12 लाख 60 हजार डॉलर भरायचे कबूल केले आणि तीन वर्षे अशा चलनांची जाहिरात न करण्याचे मान्य केले.

विद्यार्थी इथे हमखास अडतात. तिने `#ad` लिहिले होते ना? मग गुन्हा कोणता? तर अमेरिकेच्या 1933 च्या प्रतिभूती कायद्यातले एक कलम असे सांगते, की गुंतवणुकीची शिफारस पैसे घेऊन करणाऱ्याने मोबदल्याचे स्वरूप, तो कोणाकडून मिळाला आणि किती मिळाला, हे तिन्ही सांगितले पाहिजे. ‘ही जाहिरात आहे’ एवढे सांगणे त्या कायद्याला पुरत नाही. ब्रिटनच्या वित्तीय नियामक संस्थेचे तेव्हाचे अध्यक्ष चार्ल्स रँडेल ह्यांनी सप्टेंबर 2021 मधल्या एका भाषणात ह्याच मजकुरावर बोट ठेवले होते. जाहिरात असल्याचे तिने सांगितले, पण महिनाभरापूर्वी अज्ञात लोकांनी काढलेले हे सट्ट्याचे चलन आहे आणि प्रसिद्ध ‘इथेरियम’शी त्याची गल्लत करू नये, हे सांगण्याचे बंधन तिच्यावर नव्हते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय.

कायद्याचे सोडून मजकूर म्हणून पाहिले, तर आम्हांला आणखी एक गोष्ट दिसते. ह्या छोट्या परिच्छेदात दोन निवेदक आहेत. ‘माझ्या मित्रांनी सांगितले’ म्हणणारा एक, आणि `#ad` म्हणणारा दुसरा. पहिल्याच्या म्हणण्याप्रमाणे ही माहिती मैत्रीतून आली. दुसऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे ती व्यवहारातून आली. दोन्ही एकाच वेळी खरे असणे अवघड आहे. पहिला मोठ्या अक्षरांत, आरंभी, बोलीच्या लयीत बोलतो. दुसरा तळाशी, दोन अक्षरांत. वाचक कोणाचे ऐकणार? म्हणजे खूण होती, पण तिने मजकुराचा सूर बदलला नाही. आम्ही विद्यार्थ्यांना ह्यावरून एक कसोटी देतो : खूण झाकून मजकूर वाचा, मग खुणेसह वाचा. दोन्ही वाचनांत बोलणारा तोच वाटत असेल, तर खुणेने तिचे काम केलेले नाही.

आता विश्वासाकडे वळू. ह्यावर प्रयोग पुष्कळ झाले आहेत; त्यांतले तीनच आम्ही शिकवतो.

पहिला प्रयोग जाहिरातीचा नाहीच. डेलियन केन, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि डॉन मूर ह्यांनी तो 2005 मध्ये प्रसिद्ध केला. नाण्यांनी भरलेली एक बरणी. काही जणांना ती लांबून, काही क्षणच दाखवली; आतल्या नाण्यांची किंमत ओळखायची, अचूकतेप्रमाणे पैसे मिळणार. दुसऱ्या काही जणांना बरणी नीट न्याहाळू दिली आणि पहिल्यांना सल्ला द्यायला सांगितले. सल्लागारांचा मोबदला समोरच्याच्या अचूकतेवर ठरत होता तेव्हा त्यांचा सल्ला सरासरी साडेसोळा डॉलरच्या आसपास होता. समोरचा जितका जास्त आकडा सांगेल तितके पैसे जास्त, अशी अट घालताच सल्ला वीस डॉलरवर गेला. आणि ही अट समोरच्यालाही सांगून टाकली, तेव्हा तो कमी होण्याऐवजी चोवीसवर गेला! ‘आता त्याला ठाऊक आहे, तो आपले आपण कापून घेईल’ असा मोकळेपणा सल्लागारांना लाभला. ऐकणाऱ्यांनी कापून घेतलेही, पण पुरेसे नाही. प्रकटीकरण झालेल्या गटातच त्यांचे सर्वांत जास्त नुकसान झाले. अर्थात बरणीपुढचे सल्लागार अनोळखी होते आणि त्यांना उद्या पुन्हा त्याच माणसांना तोंड दाखवायचे नव्हते. प्रभावकाला रोज दाखवायचे असते. हा फरक मोठा आहे, आणि ह्या प्रयोगातून काढायच्या निष्कर्षाची मर्यादाही तीच आहे.

दुसरा प्रयोग शब्दांचा. नॅथॅनिएल एव्हन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये इन्स्टाग्रामच्या मजकुरावर तीन वेगवेगळ्या खुणा लावून पाहिल्या : नुसते `SP`, मग `Sponsored`, आणि मग `Paid Ad`. शेवटच्या, सर्वांत उघड्या शब्दांनी ही जाहिरात आहे हे लोकांना सर्वांत जास्त कळले. आणि ज्यांना ती खूण पुढे आठवली त्यांचे त्या ब्रँडविषयीचे मत खाली आले. म्हणजे संदिग्ध शब्द वापरण्यामागे केवळ आळस नसतो. संदिग्ध शब्द कंपनीच्या फायद्याचा असतो.

तिसरा प्रयोग आम्हांला सर्वांत उद्बोधक वाटतो. हवांग आणि जोंग ह्या दोन संशोधकांनी 2016 मध्ये ब्लॉगवरच्या पुरस्कृत लेखांचा अभ्यास केला. ‘हा लेख पुरस्कृत आहे’ एवढेच लिहिले तेव्हा लेखकाची विश्वासार्हता घटली. पण त्यालाच ‘मते मात्र माझी स्वतःची, प्रामाणिक आहेत’ अशी जोड दिली, तेव्हा ती काहीच न सांगितलेल्या लेखाइतकीच राहिली. एका वाक्याने पैशाचा डाग धुऊन निघाला. हे वाक्य लिहायला काय लागते? काहीच नाही. प्रामाणिक माणूस ते लिहील आणि अप्रामाणिक माणूस तर आवर्जून लिहील. जे वाक्य दोघांनाही सारख्याच सहजतेने लिहिता येते, ते त्यांच्यातला भेद सांगू शकत नाही. तरीही ते काम करते, हे आम्हां भाषेच्या लोकांना अस्वस्थ करणारे आहे.

ह्या तिन्हींमधून आम्ही ज्या निष्कर्षाला येतो तो असा. ‘प्रकटीकरणाने विश्वास कमी होतो का?’ हा प्रश्नच चुकीच्या जागी उभा आहे. ज्या शिफारशीसाठी पैसे घेतले तिच्यावरचा विश्वास कमी व्हायलाच हवा. खूण त्याचसाठी आहे. जी खूण लावूनही काहीच घटत नाही ती दिसली नसावी, कळली नसावी किंवा एखाद्या गोड वाक्याने पुसली गेली असावी. खरी कसोटी वेगळी आहे : ह्या एका मजकुरावरचा विश्वास घटल्यानंतर त्या माणसाच्या इतर बोलण्यावरचा विश्वास शाबूत राहतो का?

हा प्रश्न आमच्यापुढे पुस्तकातून आला नाही. आमच्या पदविकेच्या वर्गातली एक विद्यार्थिनी केसांची निगा, वेण्या, घरगुती तेले अशा विषयांवर आपल्या गावच्या बोलीत छोट्या चित्रफिती करते. तिला एका तेलाच्या कंपनीकडून विचारणा झाली. तीन बाटल्या फुकट, पैसे नाहीत. सोबत मध्यस्थाचा निरोप : मैत्रीण मैत्रिणीला सांगते आहे असे वाटले पाहिजे, ‘जाहिरात’ वगैरे शब्द नकोत, फार तर `#collab` टाका. तिने आम्हांला विचारले, “मॅडम, पैसे तर घेतलेच नाहीत. मग लिहायलाच पाहिजे का? आणि लिहिलं तर बायका विश्वास ठेवतील का माझ्यावर?”

पहिल्या प्रश्नाचे उत्तर नियमात होते : बाटल्या हाही मोबदलाच. तिची चित्रफीत बेचाळीस सेकंदांची होती, म्हणून खूण किमान चौदा सेकंद दिसायला हवी. मग प्रश्न शब्दाचा आला, आणि तो तासभर चालला. `#collab` तिच्या आत्यांना, मावश्यांना कळणारा नव्हता. ‘सहयोग’ म्हटले तर काहीतरी समाजकार्य वाटते. ‘अमुकच्या सौजन्याने’ ह्यात देणाऱ्याचा चांगुलपणा आधीच गृहीत आहे. ‘प्रायोजित’ बरोबर आहे, पण तो शब्द तिच्या प्रेक्षकांच्या बोलण्यात नाही. आणि ‘पुरस्कृत’ तर भलताच अर्थ देतो. पुरस्कार मिळालेलेही पुरस्कृत आणि खर्च उचललेलेही पुरस्कृत. तेलाला पारितोषिक मिळाले असेच कोणालाही वाटेल. उरला साधा शब्द, ‘जाहिरात’. त्याच्या मुळाशी ‘जाहीर’ आहे, म्हणजे उघड. छुपी जाहिरात हा मराठीत तरी शब्दांतच विरोध आहे.

तिने अखेर पडद्यावर ‘जाहिरात’ लिहिले आणि तोंडानेही सांगितले : तेल कंपनीने फुकट पाठवले आहे, पैसे दिलेले नाहीत, मी आठ दिवस वापरले, वास आवडला, केस वाढतात का ते आठ दिवसांत कळत नाही. ‘मते माझी स्वतःची’ असे काही ती म्हणाली नाही. त्याऐवजी तिने असे एक वाक्य ठेवले, जे कंपनीला नको होते. आमच्या मते हाच त्या फुकटच्या वाक्याला पर्याय आहे. प्रामाणिकपणाचा दावा करण्यापेक्षा ज्याची काही किंमत मोजावी लागेल असे काहीतरी सांगणे. किंमत तिला मोजावी लागलीच. त्या मध्यस्थाकडून पुन्हा निरोप आला नाही.

पण ह्या गोष्टीतला खरा पेच पुढे आहे. चित्रफितीखाली ‘खरं सांगितलंस ताई’ अशा प्रतिक्रिया आल्या, तशी एक अशीही आली : मग आधीच्या शिकेकाईच्या, जास्वंदीच्या तेलाच्या व्हिडिओंचे काय? तेही फुकट मिळाले होते का? ते सगळे तिच्या आजीच्या घरचे होते. तिथे खूण नव्हती, कारण सांगण्यासारखे काही नव्हते. परंतु एका ठिकाणी खूण लावताच बाकीच्या सगळ्या मजकुराला नवा अर्थ आला, आणि त्या अर्थाला पुरावा काय, असा सवालही आला.

सोस्यूर शिकवताना आम्ही सांगतो, की चिन्हाला अर्थ येतो तो दुसऱ्या चिन्हांहून असलेल्या भेदामुळे. इथे ते प्रत्यक्ष पाहायला मिळते. ‘जाहिरात’ ही खूण केवळ त्या मजकुराविषयी बोलत नाही. खूण नसलेल्या प्रत्येक मजकुराविषयीही ती मुकाट्याने बोलते. जिथे सगळे नियम पाळतात तिथे खुणेचा अभाव म्हणजे ‘हे माझे मत’. जिथे निम्मेच पाळतात तिथे खुणेच्या अभावाला काही अर्थ उरत नाही, किंवा त्याहून वाईट म्हणजे न सांगणाऱ्याला प्रामाणिकपणाचा आयता फायदा मिळतो आणि सांगणारीवर मात्र संशय येतो. म्हणून ही गोष्ट एकट्या माणसाच्या नीतीवर सोडता येत नाही. खोटे बोलायचे नाही हे एकटीला ठरवता येते. खुणेला अर्थ असावा हे एकटीला ठरवता येत नाही. त्यासाठी नियम लागतो आणि तो पाळला जातो की नाही हे पाहणारे कोणीतरी लागते.

ह्या ठिकाणी आम्हां दोघींचे एकमत नाही. आमच्यातल्या एकीला वाटते, की अमेरिकेच्या त्या जुन्या कायद्याप्रमाणे सर्वत्र रक्कमही सांगायला लावावी. तीन बाटल्या आणि अडीच लाख डॉलर दोन्ही एकाच ‘जाहिरात’ ह्या शब्दाखाली झाकले जाऊ नयेत. दुसरीला वाटते, की आकड्याने वाचक भलतीकडेच वळेल. रक्कम लहान असली की तो निर्धास्त होईल, आणि बरणीच्या प्रयोगातल्या सल्लागारासारखा बोलणाराही निर्धास्त होईल. वाद अजून मिटलेला नाही. मात्र ‘काय मिळाले’ हे वस्तुरूपात तरी सांगावे, नुसता शिक्का पुरत नाही, इथपर्यंत आम्ही दोघी आलो आहोत.

साहित्याच्या वाचकांनी हे सगळे दुसऱ्यांच्या घरचे समजू नये, म्हणून एक शेवटची गोष्ट. आपल्या नियतकालिकांत ‘साभार पोच’ नावाचे एक सदर असते. प्रकाशकाने पाठवलेल्या पुस्तकांची नुसती यादी. वाचक ते ओलांडून पुढे जातात. पण ह्या घटकाच्या निमित्ताने आम्हांला जाणवले, की अभिप्रायार्थ पुस्तक फुकट आले आहे हे छापील शब्दांत कबूल करण्याची ती एक जुनी, सभ्य रीत आहे. तिच्यातून पुस्तक कोणी पाठवले ते कळते. परीक्षण लिहिणारा त्या कवीचा सहकारी आहे का, प्रस्तावनाकार लेखकाचा मार्गदर्शक होता का, मलपृष्ठावरचा गौरवाचा मजकूर कोणी मागून घेतला, हे मात्र त्या सदरात येत नाही, आणि परीक्षणातही क्वचितच येते. ‘ॲस्की’च्या व्याख्येत फुकटच्या वस्तूबरोबर नोकरीचे आणि कुटुंबाचे नातेही मोडते, हे आम्ही वर सांगितलेच आहे.

यंदाच्या अंतर्गत परीक्षेत आम्ही एक प्रश्न घातला आहे. एका चित्रफितीची संहिता आणि एका कवितासंग्रहाचे परीक्षण, दोन्ही नावे काढून दिली आहेत. प्रत्येकात बोलणाऱ्याचा लक्षणीय संबंध शोधा, तो उघड करणारे एक वाक्य लिहा, आणि ते वाक्य घातल्यावर मजकुरातले कोणते दुसरे वाक्य काढून टाकावे लागेल ते सांगा. ह्या शेवटच्या भागाला निम्मे गुण आहेत.